विधान वेगळे, कारण वेगळे

पुढची दोन वाक्ये वाचा. विधान: सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाऊस कमी पडतो. कारण: सह्याद्रीची रांग नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिशेला समांतर असल्यामुळे हे वारे न अडता पुढे निघून जातात. आता पर्याय चार. दोन्ही वाक्ये बरोबर असून कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही. विधान बरोबर, कारण चूक. विधान चूक, कारण बरोबर.

भूगोलाची बऱ्यापैकी तयारी असलेली मुलेसुद्धा इथे पहिल्या पर्यायावर खूण करून मोकळी होतात. वाक्यात सह्याद्री आहे, मोसमी वारे आहेत, त्यांचे अडणे-न अडणे आहे, आणि माणचा दुष्काळ तर सगळ्यांच्या ऐकिवातला. शब्द सगळे धड्यातले, म्हणजे गोष्टही धड्यातलीच असणार असे वाटते. खरे उत्तर तिसरे आहे. सह्याद्री साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला आहे आणि नैऋत्येकडून येणारे वारे त्याच्यावर आदळतात. ते अडतात म्हणूनच कोकणात आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. वाऱ्यांना समांतर असलेली रांग राजस्थानातली, अरवलीची. तिथल्या कमी पावसाचे एक कारण म्हणून पुस्तकात तिचा उल्लेख येतो. प्रश्न काढणाऱ्याने अरवलीचे कारण उचलून सह्याद्रीला लावले. ज्याने दुसरे वाक्य एकटे वाचले, त्याला ते लगेच खटकते. ज्याने दोन्ही एका दमात वाचली, त्याला त्यात काही वावगे दिसतच नाही.

विधान आणि कारण हा प्रश्नप्रकार आता बहुतेक घरांत पोहोचला आहे. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकांत तो असतो, नीटमध्ये असतो, एमपीएससीच्या पेपरांत असतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतही अलीकडे ‘विधान एक, विधान दोन’ अशा नावाने तो दिसू लागला आहे. पूर्वी एम्सची वैद्यकीय प्रवेश परीक्षा वेगळी होत असे, तेव्हा तिथे या प्रश्नांची मोठी धास्ती होती. अभ्यास झालेला असूनही गुण जातात अशी तक्रार या प्रश्नांबद्दल जितकी ऐकू येते, तितकी साध्या बहुपर्यायी प्रश्नांबद्दल येत नाही. तक्रार खरी आहे आणि तिचे मूळ ज्ञानाच्या कमतरतेपेक्षा वाचण्याच्या पद्धतीत जास्त आहे, असे माझे मत आहे.

प्रश्नपत्रिका दुसऱ्या वाक्याच्या डोक्यावर ‘कारण’ असे छापते. ते कारण आहे की नाही हे ठरवायचे काम विद्यार्थ्याचे, पण छापील शब्द आधीच कानात बसतो. मग विधान वाचून झाले की मन आपोआप ‘का बरे?’ असे विचारते, लगेच समोर उत्तरासारखे वाक्य येते आणि मन निश्चिंत होते. जोड आधी मान्य होते, आणि वाक्ये खरी आहेत का हे नंतर, तेही ओझरते, तपासले जाते. योग्य क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी विधान खरे की खोटे, मग कारण खरे की खोटे, आणि दोन्ही खरी निघाली तरच त्यांचा एकमेकांशी संबंध काय.

हा क्रम पाळला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. चार पर्यायांपैकी शेवटचे दोन असे आहेत की तिथे संबंधाचा प्रश्नच उद्भवत नाही. विधान खोटे असेल तर जे घडतच नाही त्याचे स्पष्टीकरण कशाला शोधायचे? आणि कारण खोटे असेल तर ते कशाचेही योग्य स्पष्टीकरण होऊ शकत नाही. म्हणजे संबंधावर डोके शिणवायची वेळ फक्त दोन्ही वाक्ये खरी असतील तेव्हाच येते. जो विद्यार्थी संबंधापासून सुरुवात करतो, तो सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत आधी करतो, आणि बऱ्याचदा गरज नसताना करतो.

प्रत्यक्षात करायचे ते असे. दुसरे वाक्य हाताने किंवा कोऱ्या कागदाने झाका. पहिले वाचा आणि शेजारी बरोबर किंवा चूक अशी बारीक खूण करा. मग पहिले झाका आणि दुसऱ्याला तीच वागणूक द्या. दुसरे वाक्य वाचताना थोडी अडचण येते, कारण ते पुष्कळदा पहिल्याच्या आधाराने उभे असते. ‘हे वारे’, ‘त्यामुळे’, ‘तेथील’ असे शब्द त्यात असतात. अशा शब्दांच्या जागी मूळ नाव घालून वाक्य मनातल्या मनात पुरे करून घ्यायचे. हे वाक्य पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या पानावर एकटेच छापलेले असते, तर आपण ते खरे मानले असते का, हा प्रश्न विचारायचा. वाक्यात दोन दावे असतील तर दोन्ही तपासायचे. माणच्या प्रश्नातल्या कारणात ते दोन होते: रांग वाऱ्यांना समांतर आहे हा एक, आणि वारे न अडता जातात हा दुसरा. एक जरी खोटा निघाला तरी सगळे वाक्य चूक धरायचे. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हे शब्द दिसले की तिथे थांबायचे. एरवी खरे असलेले वाक्य एवढ्या एका शब्दाने खोटे होते.

महाराष्ट्र बोर्डात शिकलेल्या मुलांच्या बाबतीत एक खास गोष्ट घडते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आणि ‘भौगोलिक कारणे लिहा’ हे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे सोडवलेले असतात. ती सवय इथे अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी घात करते. उपयोग असा, की विधान दिले असता कारण स्वतः मांडायची तालीम झालेली असते. घात असा, की त्या प्रश्नांत दिलेले विधान नेहमी खरेच असते. त्यावर शंका घ्यायची वेळ मुलांवर कधी आलेलीच नसते. त्यामुळे विधान-कारण प्रश्नातही ती पहिल्या वाक्याला हात न लावता थेट दुसऱ्याकडे वळतात.

याचा फायदा घेणारा प्रश्न कसा असतो पाहा. विधान: उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. कारण: पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. इथे दुसरे वाक्य निर्विवाद खरे आहे आणि तेच पहिल्याला टेकू देते. कक्षा लंबवर्तुळाकार म्हणजे पृथ्वी कधी जवळ, कधी दूर, जवळ म्हणजे ऊन जास्त, म्हणजे उन्हाळा. साखळी इतकी सफाईदार आहे की पहिली कडी कुणी तपासत नाही. पण दुसरे वाक्य झाकून पहिल्यालाच विचारा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असते? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे ऐन थंडीत. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. विधान चूक, कारण बरोबर, उत्तर चौथे. खऱ्या कारणाने खोट्या विधानाला विश्वासार्हता मिळवून दिली होती, आणि हाताने ते झाकल्याबरोबर ती गेली.

आता दोन्ही वाक्ये खरी असतात तिथे येऊ. इथे मुलांना एक सोपी युक्ती शिकवली जाते: दोन वाक्यांच्या मध्ये ‘कारण’ हा शब्द घाला, मोठ्याने वाचा आणि बरे वाटते का पाहा. मला ही युक्ती पुरेशी वाटत नाही. ती वाक्य कानाला कसे लागते एवढेच सांगते. एकाच विषयावरची कोणतीही दोन वाक्ये ‘कारण’ने जोडली तरी ती बऱ्यापैकी गोडच लागतात.

त्यापेक्षा खात्रीचा मार्ग असा, की दुसरे वाक्य झाकलेले असतानाच विधानाला ‘का?’ विचारायचे आणि उत्तर स्वतः द्यायचे. माणचेच उदाहरण घेऊ. माणमध्ये पाऊस कमी का पडतो? महाबळेश्वर आणि माणमधले दहिवडी यांच्यात सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणमध्ये तो पाचशेच्या आसपासच राहतो. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेली हवा सह्याद्रीवर चढते, चढताना थंड होते आणि तिच्यातले बरेचसे बाष्प पश्चिम उतारावर आणि माथ्यावर पाऊस होऊन पडते. माथा ओलांडून हीच हवा पूर्वेला उतरू लागली की दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा दर किलोमीटर उतरणीला जवळपास दहा अंशांनी तापते. तापलेल्या हवेची बाष्प धरून ठेवायची क्षमता वाढते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग विरतात. यालाच आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. एवढे मनात मांडून झाले की मग कागद काढायचा आणि छापलेले कारण आपल्या उत्तराशी ताडून पाहायचे.

समजा, कागदाखाली निघाले: सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरणारी हवा तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते. हे आपल्या उत्तराचाच गाभा आहे. वाक्य खरे, जोडही खरी, उत्तर पहिले.

समजा, निघाले: माणगंगा नदी माण तालुक्यातून वाहते. हेही खरे. तालुका तोच, विषय पाण्याचाच. पण पाऊस कमी का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. उत्तर दुसरे. असा प्रश्न कागदावर सोपा वाटतो, तरी घाईत चुकतो, कारण गाव आणि विषय सारखा असणे म्हणजेच संबंध असणे असा समज होतो.

आणि समजा, निघाले: माण तालुका अरबी समुद्राच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. इथे चांगले विद्यार्थीही घुटमळतात. वाक्य खरे आहे. समुद्रापासून दूर गेले की पाऊस कमी होतो हे आपण शिकलेलो असतो आणि त्यात तथ्यही आहे. मग हे स्पष्टीकरण मानायचे का? अशा वेळी एकच विचारावे: हेच कारण हजर आहे, पण हा परिणाम नाही, अशी जागा दाखवता येते का? येते. नागपूर कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, तरी तिथे वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे माणच्या जवळपास दुप्पट. बंगालच्या उपसागराकडून येणारे बाष्प विदर्भापर्यंत पोहोचते. नुसते अंतर माणच्या कोरडेपणाचा खुलासा करत नाही. डोंगराच्या पूर्वेला असणे तो खुलासा करते. म्हणून उत्तर दुसरे.

एकाच विधानाखाली चार वेगवेगळी कारणे ठेवली, सुरुवातीचे अरवलीवाले धरून, आणि उत्तरे तीन प्रकारची आली. विधान एकदाही बदलले नाही. म्हणूनच ‘हा प्रश्न मी आधी सोडवला आहे’ या आठवणीवर इथे विसंबता येत नाही. विधान ओळखीचे असले तरी त्याखालचे वाक्य पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते.

रसायनशास्त्रातला एक प्रश्न मला फार आवडतो, कारण तो या तपासणीची खरी कसोटी घेतो. विधान: सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. कारण: सोडियमची घनता रॉकेलपेक्षा जास्त असते. विधान खरे आहे, हे शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिलेले असते. कारणही खरे आहे. सोडियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९७ ग्रॅम आणि रॉकेलची सुमारे ०.८. आता जोड. काही मुले युक्तिवाद करतात की घनता कमी असती तर सोडियम रॉकेलवर तरंगले असते आणि मग ते त्यात बुडवून ठेवता आले नसते. म्हणजे कारण लागू आहे. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. लिथियमच्या बाबतीत नेमके तसेच होते. त्याची घनता सुमारे ०.५३, ते रॉकेलवर तरंगते, म्हणून त्याला पॅराफिन मेणात गुंडाळून ठेवतात.

तरीही उत्तर दुसरेच. घनता सांगते की सोडियम रॉकेलच्या तळाशी राहू शकते. ते तिथे ठेवायची गरज का पडली, हे ती सांगत नाही. गरज पडते कारण हवेतला ऑक्सिजन आणि पाणी या दोन्हींशी सोडियमची अभिक्रिया जोरात होते, पाण्याशी तर पेट घेण्याइतकी, आणि रॉकेल त्याला या दोन्हींपासून दूर ठेवते. नागपूरचा प्रश्न इथेही विचारून पाहा: रॉकेलपेक्षा जड, पण रॉकेलमध्ये न ठेवला जाणारा पदार्थ आहे का? लोखंड आहे, तांबे आहे, काच आहे. एखादी गोष्ट शक्य होण्यासाठी जे लागते ते, आणि ती गोष्ट ज्यासाठी केली जाते ते, यांतला फरक या एका प्रश्नात मुलांना समजावता येतो. शिक्षकांनी तो वर्गात जरूर चर्चेला घ्यावा.

आणखी एक सापळा दिशेचा. विधान: चंद्राभोवती वातावरण जवळजवळ नाही. कारण: चंद्रावरून दिवसाही आकाश काळे दिसते. दोन्ही खरी, दोन्हींचा घट्ट संबंध, आणि तरी उत्तर दुसरे. आकाश काळे दिसते ते वातावरण नसल्यामुळे. सूर्यप्रकाश विखुरणारी हवाच तिथे नाही. म्हणजे दुसरे वाक्य पहिल्याचा परिणाम आहे. गोंधळ होतो तो अशासाठी, की काळे आकाश हा वातावरण नसल्याचा पुरावा म्हणून वापरता येतो. एखादी गोष्ट आपल्याला कशावरून कळली आणि ती कशामुळे घडली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षेत विचारलेली असते ती दुसरी. चंद्रावर वातावरण का टिकले नाही, याचे उत्तर त्याच्या कमी गुरुत्वाकर्षणात आहे. चंद्रावरचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर आहे, पृथ्वीवर तो ११.२ आहे. उन्हाने तापलेले वायूचे रेणू तिथून सहज निसटून जातात. कारणाच्या जागी हे वाक्य असते तर उत्तर पहिले झाले असते. दिशा तपासायची असेल तर आधी काय होते आणि त्यातून काय निघते एवढे विचारले की पुरे.

विज्ञान आणि भूगोल सोडून इतिहासाकडे वळले की मात्र ही पद्धत थोडी डळमळते, आणि ते मान्य केले पाहिजे. विधान घ्या: १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याखाली लिहिले आहे: राज्य पुनर्रचना आयोगाने तशी शिफारस केली होती. इथपर्यंत अडचण नाही. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाने १९५५ च्या अहवालात द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला होता. कारण चूक, उत्तर तिसरे. पण त्याऐवजी असे लिहिले असेल तर: १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळाले. हे खरे आहे. त्या निकालाने द्विभाषिक राज्य टिकणे कठीण झाले, हेही खरे. पण राज्याच्या निर्मितीमागे तेवढेच होते का? रस्त्यावरचे आंदोलन होते, हुतात्म्यांचे बलिदान होते, गुजरातेत महागुजरातची चळवळ होती, दिल्लीत बदललेली राजकीय गणिते होती.

अशा प्रश्नात पर्यायाचे शब्द नीट वाचायचे. पर्याय ‘योग्य स्पष्टीकरण’ म्हणतो, ‘एकमेव स्पष्टीकरण’ म्हणत नाही. दिलेले कारण थेट आणि ठळक कारणांपैकी एक असेल, तर ते योग्य स्पष्टीकरण मानावे. इतरही कारणे होती एवढ्यावरून ते नाकारू नये. मात्र तेच वाक्य ‘केवळ निवडणुकीतील यशामुळे’ असे लिहिलेले असेल, तर ते एकटे वाचतानाच चूक ठरते आणि संबंधापर्यंत जायची गरज राहत नाही. एवढे करूनही काही प्रश्न वादाचे उरतातच. एमपीएससी पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवते ती यासाठीच. तिथे हरकत घ्यायची झाली तरी तीन निर्णयांपैकी कोणता चुकला हे नेमके दाखवावे लागते: विधान, कारण, की जोड.

परीक्षेच्या खोलीत दोन सावधगिरी हव्यात. पहिली, पर्याय प्रत्येक वेळी वाचायचे. सीबीएसईच्या नेहमीच्या नमुन्यात ‘दोन्ही चूक’ हा पर्याय नसतो. त्यामुळे विधान खोटे आहे याची पक्की खात्री झाली की उत्तर तिथेच ठरते. इतर परीक्षांत तो पर्याय असू शकतो, पर्यायांचा क्रमही बदलू शकतो, आणि पाठ केलेल्या क्रमाने खूण करणारा माहीत असलेले गुण घालवतो. नीटमध्ये तर असेही प्रश्न येतात की दोन विधाने दिलेली असतात आणि विचारलेले फक्त एवढेच असते की कोणते बरोबर, कोणते चूक. तिथे संबंध शोधत बसणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे.

दुसरी, अर्धवट माहितीचा हिशेब. चार पर्यायांचा नेहमीचा नमुना धरू. विधान खरे आहे याची खात्री आहे, पण कारणाबद्दल काहीच ठाऊक नाही, तर एक पर्याय बाद झाला आणि तीन उरले. याउलट कारण खोटे आहे एवढेच ठाऊक असेल, तर त्या नमुन्यात उत्तर मिळालेच. दोन्ही खरी आहेत हे ठाऊक आहे आणि फक्त जोडीबद्दल शंका आहे, तर दोन उरले. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्याला वजा एक, असा हिशेब असतो. तिथे दोन पर्याय उरले असताना प्रश्न सोडून देणे मला पटत नाही. एकही वाक्य धड माहीत नसेल, तर मात्र पुढच्या प्रश्नाकडे जावे.

सरावाबद्दल विद्यार्थ्यांना आणि त्यांच्याकडून सराव करून घेणाऱ्यांना एक विनंती. विधान-कारणाचा प्रश्न चुकला की बहुतेक मुले उत्तरतालिकेतला बरोबर पर्याय वहीत लिहून पुढे जातात. त्याऐवजी चुकलेल्या प्रश्नाशेजारी तीनपैकी एक शब्द लिहा: विधान, कारण किंवा जोड. एका विषयाचे पाच-सहा सराव पेपर झाले की त्या शब्दांकडे एकत्र पाहा. ‘विधान’ आणि ‘कारण’ जास्त वेळा आले असतील, तर धडा पुन्हा वाचायला हवा. ‘जोड’ जास्त वेळा आले असेल, तर धडा वाचून भागणार नाही; तिथे दुसरे वाक्य झाकून स्वतः ‘का?’चे उत्तर लिहायचा सराव करा.